पेटी भेट देताना

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील कौटुंबिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. काही ठिकाणी थोडा संक्षेप केला आहे.)



सेक्रेटरीसाहेबांनी मला ‘संगीताविषयी काहीतरी बोला’ असं सांगितलं होतं. काहीतरी म्हणजे काय, हा प्रश्न होताच. पण गेल्या वर्षभरात आपल्याच सोसायटीतल्या चार-पाच घरांतून मला एकच गोष्ट विचारली गेली, म्हणून मी तीच घेऊन आलोय. ‘बाबा रिटायर झाले, क्लासला जायला लागलेत, वाढदिवसाला पेटी द्यायचीय, कुठली घेऊ?’ कधी बाबा असतात, कधी आई, एका ठिकाणी सासूबाई होत्या. विचारणारी मुलं बहुतेक पुण्याला नाहीतर परदेशात, हातात मोबाइल, आणि मोबाइलवर एका पेटीचा फोटो. तो फोटो मला दाखवून ‘ही चांगली आहे ना?’ एवढंच हवं असतं. फोटोवरून पेटीचं पॉलिश कळतं, दुसरं काही कळत नाही.

गोविंदराव टेंबे, पी. मधुकर, गोविंदराव पटवर्धन अशी नावं ज्या महाराष्ट्रात झाली, तिथे पेटी कशी असते हे मी सांगायला नको. नाटकात, भजनात, शाळेच्या प्रार्थनेला, सगळीकडे आपण ती पाहिलेली आहे. त्यामुळेच घोटाळा होतो. पाहिलेली असते, म्हणून वाटतं सगळ्या सारख्याच. नवशिक्या माणसाच्या हातात चुकीची पेटी आली की त्याला ती पेटी चुकीची आहे हे कळत नाही. त्याला वाटतं आपल्यालाच जमत नाही. साठीतल्या माणसाला तर हे फारच पटकन वाटतं. सहा महिन्यांत पेटी माळ्यावर, आणि घरचे म्हणतात, ‘हौस होती, फिटली.’

एक उदाहरण घेऊन बोलतो, म्हणजे सोपं जाईल. आपल्या बी विंगमधले एक गृहस्थ, नाव सांगत नाही, ते इथेच बसलेत आणि हसतायत. वय बासष्ट. मंगळवार-शुक्रवार क्लासला जातात, भजन आणि भावगीत शिकतात, गाता गाता स्वतःच साथ करायची अशी इच्छा. मुलीने त्यांच्यासाठी एक पेटी बघून ठेवली होती. जाहिरातीत लिहिलं होतं : नऊ स्केलची स्केलचेंजर, तीन सुरांची, कपलरसहित, फोल्डिंग. म्हणजे जेवढं म्हणून असू शकतं तेवढं सगळं. मुलीचा विचार साधा होता, ‘एकदाच घ्यायची तर सगळ्यात चांगली घेऊ.’

आता हे एकेक शब्द काय आहेत ते बघू.

आधी ‘तीन सुरांची’. पेटीत आत पितळेच्या छोट्या पट्ट्या असतात, त्यातून वारा गेला की त्या थरथरतात आणि आवाज येतो. कारागीर त्यांनाच सूर म्हणतात, कुणी रीड म्हणतात. प्रत्येक पट्टीखाली, म्हणजे बोटाने दाबतो त्या पट्टीखाली, एक सूर असेल तर ती एका सुराची पेटी, दोन असतील तर दोन सुरांची. यांच्या ओळींना नावं आहेत. मधली ती नर. तिच्यापेक्षा बरोबर एक सप्तक खाली बोलते ती खर्ज, आणि एक सप्तक वर बोलते ती मादी. तीन सुरांची पेटी म्हणजे या तिन्ही, नाहीतर यातलीच एक ओळ दुबार. ऐकायला भरदार. पण सूर जितके जास्त तितका वारा जास्त लागतो. डावा हात सतत भात्यावर. नवशिक्याचं अर्धं लक्ष तिथेच जातं, आणि आवाज इतका मोठा की स्वतःचा गळा त्याखाली ऐकूच येत नाही. गाणं शिकणाऱ्याला हे घातक आहे. दोन सुरांची पेटी पुरते, आणि त्यातलाही एक सूर बंद ठेवून रियाज करता येतो.

पण दोन कुठले? इथे माणूस बघावा लागतो, आणि दुकानदार हे क्वचितच विचारतो. या गृहस्थांचा सा त्यांच्या सरांनी काळी एक ठरवलाय. पुरुषांचा सा साधारण काळी एक, काळी दोनच्या आसपास असतो, बायकांचा बहुतेक काळी चार, काळी पाच. नेहमीची पेटी डावीकडून पांढरी एकपासून सुरू होते. तिथली काळी एक म्हणजे डावीकडून दुसरीच पट्टी. नर सुरावर ती पट्टी दाबली तर हा त्यांच्या गळ्याचा सा आहे, अगदी बरोबर. पण आता त्यांना सा-च्या खाली, मंद्र पंचमापर्यंत जायचंय. पट्ट्या आहेत कुठे? डावीकडे एकच पट्टी उरते, पुढे लाकूड! म्हणून ते मधल्या सप्तकातली काळी एक सा धरतात, डावीकडून चौदावी पट्टी. खाली तेरा पट्ट्या मोकळ्या मिळाल्या. आणि आवाज त्यांच्या गळ्याच्या उंचीला यावा म्हणून खर्ज सूर उघडतात, तो एक सप्तक खाली बोलतो. म्हणजे त्यांना खर्ज-नर अशीच पेटी पाहिजे. नर-मादी घेतली तर पेटी चांगली असूनही त्यांच्या उपयोगाची नाही. मधल्या सप्तकात सा धरला की पेटी त्यांच्या डोक्यावरून बोलणार.

त्यांच्या बहिणीचं उलट आहे. तिचा सा काळी चार. नर सुरावर पहिल्याच सप्तकातली काळी चार, डावीकडून नववी पट्टी, तोच तिचा सा. खाली आठ पट्ट्या आहेत, मंद्र पंचमाला पाचच पुरतात. तिचं नर सुरावर निभतं, खर्ज असला तर आवाजाला भरीवपणा येतो इतकंच. एकाच घरातली दोन माणसं, पण पेटीची गरज वेगळी. म्हणून भेट देणाऱ्याने शिकणाऱ्याच्या गुरुजींना एक फोन करून एवढंच विचारावं : ‘यांचा सा कुठला धरलाय, आणि क्लासमध्ये ते कुठल्या सप्तकात वाजवतात?’ दोन मिनिटांचा फोन आहे. ‘सरप्राइज’ फुटेल म्हणून लोक तो करत नाहीत.

पट्ट्या किती, हे पण लगेच सांगून टाकतो. बाजारात सदतीस, एकोणचाळीस आणि बेचाळीस पट्ट्यांच्या पेट्या मिळतात. तीन सप्तकांची सदतीस, साडेतीन सप्तकांची बेचाळीस. घरच्या शिकण्याला सदतीसही चालतात, बेचाळीस असल्या तर ऐसपैस. पंचवीस पट्ट्यांच्या छोट्या, गोंडस पेट्या मिळतात त्या नकोत. आत्ताच मोजलं ना, चौदाव्या पट्टीवर सा धरला तर वर अकराच पट्ट्या उरतात. म्हणजे तार सा-सुद्धा येत नाही, एक पट्टी कमी पडते.

आता स्केलचेंजर. यात पट्ट्यांचा अख्खा संच डावी-उजवीकडे सरकतो. म्हणजे तुम्ही बोटं पांढरी एकचीच ठेवायची आणि सा मात्र काळी दोनचा बोलायचा. साथीदाराला एका मैफलीत चार गायकांबरोबर वाजवायचं असेल तर ही सोय आहे. नवशिक्याला? माझं मत स्पष्ट आहे, नको. तुमचे गुरुजी वेगळं म्हणाले तर त्यांचं ऐका. पण एका माणसाचा सा एकच असतो. या गृहस्थांनी काळी एकचीच बोटं शिकायची, तीच त्यांना आयुष्यभर पुरतील. पट्ट्या सरकवून नेहमी पांढरी एकचीच बोटं ठेवली तर दुसऱ्या कुठल्याही साध्या पेटीसमोर ते अडतात. भजनी मंडळात जी पेटी असेल ती साधीच असणार. शिवाय सरकणारा भाग म्हणजे पुढे ढिला होणारा भाग. पट्ट्या डुगडुगायला लागतात, खाली वारा निसटतो, आणि दुरुस्त करणारा कारागीर प्रत्येक उपनगरात नाही. किंमत साधारण दुप्पट. वजन मात्र मी आवर्जून सांगतो : साधी दोन सुरांची पेटी दहा किलोच्या आसपास असते, स्केलचेंजर पंधरा ते वीस. आपल्या इमारतींना लिफ्ट नाही. हे गृहस्थ तिसऱ्या मजल्यावर. मंगळवार-शुक्रवार.

कपलरचं थोडक्यात. एक पट्टी दाबली की सप्तकावरची तीच पट्टी आपोआप खाली जाते, आवाज दुप्पट. बोटाला पट्टी जड लागते, वारा दुप्पट जातो. सुरुवातीला काही गरज नाही. फोल्डिंगचं मात्र बघा. पेटी सुटकेससारखी मिटते, नेताना संरक्षण मिळतं, ते खरंच सोयीचं. पण त्या खोक्याचं वजनही त्यात आलं. रोज न्यायची असेल तर घ्या, घरीच राहणार असेल तर साधी पेटी आणि जाड कापडाची पिशवी बरी.

काही जण म्हणतात, हे सगळं कशाला, छोटा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड देऊ, हलका असतो, हेडफोन लावता येतो, शेजारी तक्रार करत नाहीत. (शेजाऱ्यांच्या तक्रारीवर मी इथे बोलणार नाही, त्यासाठी वार्षिक सभा आहे.) सिनेमातली गाणी दोन्ही हातांनी, कॉर्ड धरून वाजवायची असतील तर कीबोर्डच बरोबर, पेटी चूक. पण क्लास पेटीचा आणि घरी कीबोर्ड, हे जमत नाही. पेटी शिकणं म्हणजे अर्धं भाता शिकणं. स्वर लांबवताना वारा कमी-जास्त कसा करायचा, ओळ संपताना हात कुठे हलका करायचा, हे डाव्या हाताला कळावं लागतं. कीबोर्डवर तो हात रिकामाच. आणि छोट्या कीबोर्डच्या पट्ट्याही अरुंद असतात, बोटांची सवय चुकीच्या मापाची लागते.

दुसरा एक मोह म्हणजे जुनी पेटी. ‘आजोबांची आहे, जर्मन सूर आहेत.’ जर्मन सूर म्हटलं की आपण हात जोडतो. जुने जर्मन सूर चांगलेच असायचे, यात वाद नाही. आज भारतात पालिताणा-भावनगरकडे सूर बनतात, त्यातही चांगले मिळतात. पण जुन्या पेटीचा खरा प्रश्न लेबलाचा नाही. सूर मिळवताना कारागीर पितळी जीभ घासतो. टोकाला घासली की स्वर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. म्हणजे प्रत्येक वेळी थोडं पितळ जातं. पन्नास वर्षांत अनेकदा घासलेला सूर पातळ होतो, आवाजात एक प्रकारचा कर्कशपणा येतो, आणि तो फार दिवस मिळालेला राहत नाही. शिवाय जुन्या पेट्या कधीकधी आजच्या पट्टीपेक्षा थोड्या वर नाहीतर खाली मिळवलेल्या असतात. आज पांढरी सहा साधारण ४४० ला मिळवतात. एकटं वाजवताना फरक कळत नाही. क्लासमध्ये दुसऱ्या पेटीशेजारी बसलं की दोन्ही पेट्या एकमेकींशी भांडतात. आजोबांची पेटी आठवण म्हणून जपा, जमलं तर चांगल्या कारागिराला दाखवा. शिकायला द्यायची असेल तर तो काय म्हणतो ते ऐकून मगच.

आता दुकानात काय करायचं? हे जरा नीट सांगतो, कारण यातलं बरंचसं पेटी वाजवता न येणारा माणूससुद्धा करू शकतो. खरं तर वाजवता न येणाऱ्यानेच करावं. वाजवणारा माणूस एखादी ठुमरी छेडतो, खूश होतो आणि तपासायचं विसरतो.

पहिलं वाऱ्याचं. समोरच्या बाजूला ओढायच्या खुंट्या असतात, त्यांना स्टॉप म्हणतात. त्या ओढल्या की वारा सुरांपर्यंत जातो, आत ढकलल्या की वाट बंद. खुंट्या ओढून ठेवा, भाता पूर्ण भरा, हात काढा आणि मधली एक पट्टी दाबून धरा. स्वर किती वेळ टिकतो ते मनात आकडे मोजून बघा. मग पुन्हा तसाच भाता भरा, पण या वेळी दहा आकडे नुसते थांबा आणि मगच तीच पट्टी दाबा. आता स्वर जवळजवळ पहिल्याइतकाच टिकला तर पेटी वारा धरतेय. लगेच विझला, तर वारा कुठेतरी निसटतोय. तोच प्रयोग दहा आकडे थांबताना खुंट्या बंद ठेवून करा, आणि पट्टी दाबायच्या वेळी खुंट्या उघडा. आता वारा टिकला, तर गळती वर पट्ट्यांच्या बाजूला आहे. पट्टीखालचा कातड्याचा झाकणासारखा भाग नीट बसत नाहीये, त्याचं काम लहान असतं. आताही वारा गेलाच, तर गळती भात्यात किंवा पेटीच्या सांध्यात. ती पेटी सोडून द्या. गळकी पेटी नवशिक्याला दमवते. खांदा दुखायला लागतो आणि त्याला वाटतं वयामुळे दुखतोय.

दुसरं, खुंट्या उघड्या, भाता भरलेला, आणि एकाही पट्टीला हात नाही. अशा वेळी पूर्ण शांतता पाहिजे. बारीक ‘ऊं’ ऐकू आला तर एखादी पट्टी अर्धवट उघडी राहिलीय. पावसाळ्यात लाकूड फुगून असं होतं, कधी आतली स्प्रिंग सैल पडलेली असते.

तिसरं, प्रत्येक पट्टी एकेकटी. हे कंटाळवाणं आहे, दुकानदार घड्याळाकडे बघायला लागतो, बघू दे. आधी फक्त नर सूर उघडून डावीकडून उजवीकडे सगळ्या पट्ट्या, अगदी हलक्या वाऱ्यावर. मग फक्त खर्ज. जोरात हाणलं की सगळे सूर बोलतात. हलक्या वाऱ्यावर जो सूर उशिरा बोलतो किंवा घरघरतो, तो दोषी. सगळ्यात खालचे खर्जाचे सूर थोडे आळशी असतात, तेवढं माफ. मधल्या सप्तकात मात्र एकाही सुराला माफी नाही.

चौथं, एका सप्तकाच्या अंतरावरच्या दोन पट्ट्या एकदम दाबा, पांढरी एक आणि वरची पांढरी एक, असं सगळीकडे. दोन्ही मिळून एकच सरळ रेघ ऐकू आली पाहिजे. ‘वँव-वँव’ अशी लाट आली तर ते मिळालेले नाहीत. कान तयार नसला तरी ही लाट कुणालाही ऐकू येते. मग खर्ज आणि नर दोन्ही उघडून एकेक पट्टी दाबून हेच ऐका. मोबाइलवर ट्यूनरही लावता येतो, पण वारा कमी-जास्त झाला की काटा हलतो, म्हणून एकसारखा भाता ठेवून बघा.

आता बसण्याचं. आपण धरून चालतो की पेटी म्हणजे मांडी घालून. आपल्या या गृहस्थांचे गुडघे मांडी घालू देत नाहीत. मग खुर्ची आणि टेबल. जेवणाच्या टेबलावर पेटी ठेवली की पट्ट्या छातीच्याही वर येतात, खांदे उचलले जातात. टेबल इतकं बुटकं हवं की कोपर आणि पट्ट्या साधारण एका उंचीला येतील. त्यांच्या मुलीला मी म्हटलं, पेटीचे पैसे वाचलेत ना, त्यातून सुताराकडून असं एक मजबूत बुटकं स्टूल करून घे. तेही भेटच आहे. डावा खांदा आखडलेला असेल तर दुकानात त्यांनाच पाच मिनिटं भाता मारायला सांगा. काही भाते हलके चालतात, काही नवे कोरे असून ताठ.

म्हणूनच मी म्हणतो की पेटी ‘सरप्राइज’ देऊ नका. सरप्राइज द्यायचंच असेल तर पाकिटात एक चिठ्ठी द्या : ‘अमुक रविवारी आपण तिघं, तुम्ही, मी आणि तुमचे सर, पेटी बघायला जाऊ.’ क्लास नुकताच सुरू झाला असेल तर पहिले दोन-तीन महिने भाड्याची पेटी किंवा सरांकडची जादा पेटी मिळते का ते बघा. तोवर सा पक्का होतो. नवशिक्याचा सा सुरुवातीला एखादी पट्टी वर-खाली होऊ शकतो. पेटीला त्याने बिघडत नाही, पण खर्ज की मादी हा निर्णय पक्का होतो. दुकानदाराशी दोन गोष्टी बोलून घ्या आणि बिलावर लिहून घ्या. एक, सहा महिन्यांनी एकदा सूर मिळवून देणार का? नवे सूर वाजून वाजून थोडे हलतात, तेव्हा ते लागतंच. दुसरी, पंधरा दिवसांत सरांनी नापसंत केली तर बदलून मिळेल का?

या गृहस्थांकडे शेवटी काय आलं? बेचाळीस पट्ट्या, खर्ज-नर, स्केलचेंजर नाही, कपलर नाही, साधी. दुकानात तीन पेट्या तपासल्या. पहिली दिसायला सगळ्यात देखणी होती, ती दहा आकड्यांच्या परीक्षेत नापास झाली. दुसरीच्या मधल्या सप्तकातली काळी चार उशिरा बोलत होती. तिसरी घेतली. तिचं पॉलिश जरा फिकं आहे, असं मुलगी म्हणाली.

पावसाळ्यात पेटी खिडकीजवळ ठेवू नका, आणि वाजवून झाल्यावर भाता बंद करून, खुंट्या आत ढकलून झाकून ठेवा. बंद कपाटात महिनोन् महिने ठेवण्यापेक्षा रोज दहा मिनिटं वाजवलेली पेटी जास्त नीट राहते. पट्टी अडकली तर घरी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसू नका. एखादा कोरडा दिवस जाऊ द्या, पुष्कळदा ती आपोआप सुटते.

चहा आलेला दिसतोय. माझी पेटी मी तिथे टेबलावर ठेवली आहे. ज्यांना दहा आकड्यांची परीक्षा करून बघायची असेल त्यांनी जरूर या. एक गळती मी मुद्दाम दुरुस्त न करता ठेवलीय, भात्यात आहे की पट्ट्यांत ते शोधून काढा.